परदेशातल्या आयसीयूसाठी कव्हर लेटर: सुरुवात एका रात्रपाळीपासून

परभणीकडच्या एका सिस्टरनं गेल्या पावसाळ्यात मला तिचं कव्हर लेटर वाचायला पाठवलं. पान भरलेलं होतं, इंग्रजीही ठीक होतं. मी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, ताणाखाली काम करू शकते, टीममध्ये मिसळते, रुग्णसेवा हेच माझं ध्येय आहे. वाचून झालं तरी ही पोरगी आयसीयूत काम करते की शाळेत शिकवते, ते काही कळेना. मी तिला फोन लावला. पुढं जे सांगणार आहे ते बहुतेक त्या फोनवर झालेलं बोलणं आहे.

मी स्वतः संभाजीनगरच्या एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत काम करून इंग्लंडला आले. त्यामुळे उदाहरण ब्रिटनचं घेते, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या बँड पाचच्या स्टाफ नर्सच्या जागेचं. आखाती देश, आयर्लंड, जर्मनी इथली कागदपत्रं आणि भाषेच्या अटी वेगळ्या असतात. पण पत्राच्या मधल्या परिच्छेदात जे लागतं ते सगळीकडं सारखंच.

आधी जाहिरातीसोबतचा तक्ता उघडा

जाहिरातीसोबत साधारण दोन कागद असतात. एक जॉब डिस्क्रिप्शन, म्हणजे कामाचं वर्णन. दुसरा पर्सन स्पेसिफिकेशन. बहुतेकजणी पहिला वाचतात आणि दुसरा तसाच सोडून देतात. गंमत म्हणजे शॉर्टलिस्ट करणाऱ्या वॉर्ड मॅनेजरपुढं तो दुसराच असतो. त्यात 'इसेन्शियल' आणि 'डिझायरेबल' असे दोन रकाने असतात. ती तुमचं पत्र वाचत त्या रकान्यांशी ताडून पाहते. जे सापडलं त्याला खूण, जे सापडलं नाही ते गेलं. तुम्हाला ते येतं की नाही हा प्रश्नच नसतो. पत्रात ते दिसलं का, एवढंच पाहतात.

काही ठिकाणी पत्राची वेगळी फाईल मागतच नाहीत. अर्जात 'सपोर्टिंग इन्फर्मेशन' नावाचा चौकोन असतो, त्यातच हा मजकूर टाकायचा. नाव वेगळं असलं तरी काम तेच आहे.

एक वही घ्या. डाव्या बाजूला 'इसेन्शियल'मधली प्रत्येक ओळ उतरवा. मोठ्यांच्या आयसीयूसाठी साधारण अशा ओळी असतात: नर्सिंगची नोंदणी किंवा ती मिळण्याची पात्रता, गंभीर रुग्णांचा अनुभव, बिघडत चाललेला रुग्ण ओळखून वेळेत वर कळवणं, औषधं सुरक्षित देणं, नातेवाइकांशी आणि टीमशी बोलणं. उजव्या बाजूला प्रत्येक ओळीपुढं एक ड्यूटी लिहा. गुण लिहू नका. 'चांगलं कम्युनिकेशन' असं लिहिलं तर तो रकाना रिकामाच समजा. 'तो ट्रॅक्टर पलटी झालेला पेशंट, त्याच्या भावाला पहाटे समजावलं' असं लिहिलं तर तो भरला.

आणि हे सगळं मराठीत लिहा. पत्र इंग्रजीतच जाणार आहे, पण विचार इंग्रजीत सुरू केला की नर्सिंग स्कूलच्या अर्जातली घोकलेली वाक्यंच हाताला येतात.

औषध पिलेला पेशंट

त्या सिस्टरच्या पत्रात एक वाक्य होतं: मला विषबाधेच्या केसेस आणि व्हेंटिलेटरवरचे पेशंट हाताळण्याचा भरपूर अनुभव आहे. मी विचारलं, "शेवटचा कोणता?"

"ताई, असे तर दर हप्त्याला येतात. फवारणीचं औषध पिलेले."

"एकाचंच सांग. तू काय केलंस तेवढंच."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "एक तरुण पेशंट होता. दुसरी रात्र. पहिल्या दिवशी ॲट्रोपिन देऊन छाती कोरडी झाली होती, सगळे म्हणत होते सुधारला. रात्री अडीचला उशी नीट करायला गेले. म्हटलं डोकं उचला जरा. उचलेना. हात हलवत होता, डोकं मात्र उशीवरच."

"मग?"

"मग श्वास मोजले. बत्तीस. आणि एकदम वरवरचे. मॉनिटरवर ऑक्सिजन सत्त्याण्णव दाखवत होतं, कारण मास्क लावलेला होता. डॉक्टर झोपले होते, त्यांना उठवलं. ते म्हणाले सॅच्युरेशन चांगलंय. मी म्हटलं सर, मान उचलत नाहीये, एबीजी करू या. केली तर कार्बन डायऑक्साइड अठ्ठावन्न. लगेच ट्यूब टाकली."

हे पत्रात का नाही, असं विचारलं तर म्हणाली, "त्यात काय सांगायचं ताई, रोजचंच आहे."

मराठवाड्यातल्या आयसीयूत हे खरंच रोजचं आहे, आणि ब्रिटनमधल्या बऱ्याच आयसीयूंमध्ये ते दुर्मीळ आहे. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाच्या विषबाधेत पहिला झटका ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, काही रुग्णांचे श्वासाचे स्नायू कमजोर पडतात. त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. मान उचलता न येणं ही त्याची लवकर दिसणारी खूण. ऑक्सिजन लावलेला असला की सॅच्युरेशन बराच वेळ चांगलं दिसतं आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत राहतो. हे सगळं त्या पोरीनं एका उशीवरून ओळखलं होतं. आणि पत्रात लिहिलं काय, तर 'भरपूर अनुभव'.

आम्ही तो परिच्छेद पुन्हा लिहिला. इंग्रजीत गेलेल्या मजकुराचा मराठी आशय असा:

'आमच्या भागात कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण नियमित येतात. अलीकडे अशाच एका तरुण रुग्णाची मी दुसऱ्या रात्री काळजी घेत होते. ॲट्रोपिनला प्रतिसाद मिळून त्याची छाती स्वच्छ झाली होती. स्थिती बदलून देताना त्याला उशीवरून डोकं उचलता येत नसल्याचं माझ्या लक्षात आलं. मी श्वास मोजले: मिनिटाला ३२ आणि उथळ. ऑक्सिजन सुरू असल्यानं सॅच्युरेशन ९७ टक्के होतं. श्वासाचे स्नायू कमजोर पडत असावेत असं वाटून मी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कळवलं. सॅच्युरेशन ठीक असल्याचं त्यांनी सांगितल्यावर मी मानेची कमजोरी पुन्हा निदर्शनास आणून धमनीतल्या रक्ताची तपासणी सुचवली. कार्बन डायऑक्साइड ५८ मिलिमीटर पारा आला. रुग्णाला नियोजन करून इंट्युबेट केलं. त्यासाठीची तयारी, सक्शन आणि नंतरच्या नोंदी मी केल्या.'

यात स्वतःच्या कौतुकाचं एकही विशेषण नाही. तरी तीन गोष्टी दिसल्या: बिघाड ओळखणं, वर कळवणं, पहिल्यांदा ऐकलं नाही तरी पुन्हा सांगणं. तिसरी गोष्ट तिथं फार पाहतात. डॉक्टर नाही म्हणाले म्हणून गप्प बसणारी नर्स त्यांना नको असते. आपल्याकडं 'सरांना उलट बोलले' हे सांगायला संकोच वाटतो. पण ते उलट बोलणं नव्हतं, आकडे पुढं ठेवणं होतं. त्याच सुरात लिहा. डॉक्टरांची चूक दाखवल्यासारखं लिहू नका.

एक सापळा इथंच आहे. आपण 'औषध पिलं' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. एका मुलीनं तेच जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं होतं. ते वाचणाऱ्याला पेशंटनं डॉक्टरांनी दिलेलं औषध घेतलं असंच वाटणार. विषाचा प्रकार लिहा.

शेवटी रुग्णाची ओळख. नाव तर नकोच, पण गाव, तालुका, नेमकी तारीख, घरातलं भांडण यातलंही काही नको. 'एक तरुण रुग्ण, दुसरी रात्र' एवढं पुरतं. पत्रातच रुग्णाची गोपनीयता मोडलेली दिसली, तर वाचणारी मॅनेजर पुढं वाचेल असं मला वाटत नाही.

आपली आयसीयू आणि त्यांची आयसीयू

दुसरा परिच्छेद रोजच्या कामाचा. यात दोन्हीकडचा फरक माहीत नसला की घोळ होतो.

तिकडच्या मार्गदर्शक नियमांनुसार लेव्हल तीनच्या रुग्णाला, म्हणजे ढोबळमानानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला, एक नर्स असते. लेव्हल दोनच्या दोन रुग्णांना एक. आपल्याकडं खासगीत दोन-तीन व्हेंटिलेटर एकीच्या अंगावर असणं नवीन नाही. काहीजणी हा आकडा लपवतात, काही फुशारकीनं सांगतात की मी एकटी पाच सांभाळते. दोन्ही नको. 'साधारणपणे दोन व्हेंटिलेटरवरचे रुग्ण माझ्याकडं असतात, रात्री कधी तीन' असं खरं ते लिहा. पाच सांभाळते हे तिकडं शौर्य म्हणून वाचलं जात नाही. सुरक्षेचा प्रश्न म्हणून वाचलं जातं.

मग कामाची विभागणी. आपल्याकडं डायलिसिसचं मशीन बहुधा टेक्निशियन चालवतो, तिकडच्या आयसीयूत सतत चालणारं फिल्ट्रेशन बेडजवळची नर्सच सांभाळते. व्हेंटिलेटरचं सेटिंग आपल्याकडं डॉक्टर बदलतात. तिकडं शिकून तयार झालेली नर्स ठरलेल्या मर्यादेत सपोर्ट कमी करत आणू शकते. म्हणून प्रत्येक कामापुढं स्वतःला विचारा: मी हे एकटीनं करते, कुणाच्या देखरेखीखाली करते, की बाजूला उभी राहून पाहिलंय? या तिन्हीला पत्रात तीन वेगळे शब्द वापरा.

त्या सिस्टरच्या पत्रात 'सीआरआरटी हाताळलं' असं होतं. विचारल्यावर कळलं, टेक्निशियनला तिनं लाईन धरून दिली होती. मी म्हटलं, मुलाखतीत विचारतील, फिल्टरचा दाब वाढला तर काय करशील. तिथं गप्प झालीस तर वरचं सगळं खोटं ठरेल. आम्ही लिहिलं: 'डायलिसिसवरच्या रुग्णाची निगा मी घेते, मशीन आमच्याकडं टेक्निशियन चालवतात. ते शिकण्याची माझी तयारी आहे.' ही कमतरतेची ओळ पत्राला अडचण करत नाही. ती असली की बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

जे खरोखर हातचं आहे ते मात्र नेमकं लिहा. 'व्हेंटिलेटर केअर' या दोन शब्दांपेक्षा 'डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवणं, तोंडाची स्वच्छता, ट्यूबच्या कफचा दाब मोजून २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका राखणं' हे वाचून तिकडच्या नर्सला तुमचा हात दिसतो. अर्थात कफचा दाब खरंच मोजत असाल तर. तुमच्या युनिटमध्ये मोजायचं यंत्र नसेल आणि बोटानं दाबून अंदाज घेत असाल, तर ती ओळ काढा.

शब्दही तपासा. लॅसिक्स नको, फ्युरोसेमाइड लिहा. इमसेट नको, ऑनडॅन्सेट्रॉन लिहा. आपल्या इथली ब्रँडची नावं बाहेर कुणाला कळतील याचा भरवसा नाही. ओपी, एनए असली टोपणनावं पूर्ण लिहा. 'मामा', 'ब्रदर', 'कॅज्युअल्टी' हे शब्दही आपल्या वॉर्डातच ठेवा.

आणि नातेवाईक. आपल्याकडं आयसीयूबाहेर चादर अंथरून बसलेल्या माणसांशी रात्रभर बोलते ती सिस्टरच. मेडिकलची चिठ्ठी देताना, 'सर कधी येतील' याचं उत्तर देताना. हे काम आपण मोजत नाही. पर्सन स्पेसिफिकेशनमध्ये नातेवाइकांशी संवादाची ओळ असेल तर तिथं एक वाक्य याचं टाका.

पहिला आणि शेवटचा परिच्छेद

यांना फार वेळ देऊ नका. 'रिस्पेक्टेड सर' आणि 'सविनय विनंती' या वळणाची सुरुवात सोडा. जाहिरातीत मॅनेजरचं नाव असेल तर ते लिहा, नसेल तर 'डिअर हायरिंग मॅनेजर'. पहिल्या तीन ओळींत एवढं यावं: कोणती जागा आणि तिचा संदर्भ क्रमांक, तुम्ही सध्या कुठल्या प्रकारच्या आयसीयूत किती बेडांवर आणि किती वर्षं आहात, नोंदणी कुठवर आली आहे.

नोंदणीबद्दल नेमकं लिहा. ब्रिटनसाठी तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची परीक्षा दोन टप्प्यांत असते: संगणकावरची सीबीटी आणि प्रत्यक्ष कौशल्यांची ऑस्की. इंग्रजीसाठी आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. ओईटी दिली तर पहिल्या तिन्हीत बी आणि लेखनात सी प्लस. 'इंग्रजी आणि सीबीटी झाली, ऑस्की बाकी' अशी एक ओळ पुरते. 'प्रोसेस चालू आहे' यातून काहीच कळत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी कधीपर्यंत वैध आहे तेही पाहून घ्या. नूतनीकरण राहिलेलं असेल तर आधी ते करा.

शेवटी, हीच जागा का. घरची परिस्थिती, वडिलांचं कर्ज, भावाचं शिक्षण हे खरं असलं तरी त्याला तक्त्यात रकाना नाही. त्यापेक्षा त्या हॉस्पिटलच्या संकेतस्थळावर आयसीयू कोणत्या प्रकारची आहे ते वाचा. जनरल, न्यूरो की हृदयाची? तिथं तुमचा कोणता अनुभव लागेल, एवढं एका वाक्यात सांगा. हे वाक्य दर अर्जाला बदलतं. मी एकदा ते बदलायला विसरले आणि एका हॉस्पिटलला दुसऱ्याचं नाव गेलं. तिकडून उत्तर आलं नाही, आणि मला आश्चर्यही वाटलं नाही. नोटीस पिरियड किती आहे, बाँड किती बाकी आहे, तेही इथंच स्पष्ट लिहा.

एकूण पत्र एका पानात, साडेतीनशे-चारशे शब्दांत बसवा.

नावं आणि तारखा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण माझं स्वतःचं काम इथंच अडकलं होतं. मी पत्रात जूनपासून आयसीयूत असं लिहिलं. हॉस्पिटलनं दिलेल्या अनुभव प्रमाणपत्रावर ऑगस्ट होता, कारण पहिले दोन महिने त्यांनी मला हजेरीपटावर घेतलंच नव्हतं. वर प्रमाणपत्रात 'आयसीयू' हा शब्दच नव्हता, नुसतं 'स्टाफ नर्स'. तिकडून विचारणा आली आणि एका कागदासाठी मी महिनाभर एचआरच्या दारात उभी राहिले. तेव्हा पत्र लिहायच्या आधीच प्रमाणपत्र हातात घ्या. त्यात विभाग, बेडांची संख्या, पूर्ण वेळ की कसं, आणि सुरुवात-शेवटच्या तारखा आहेत का ते बघा. पत्रातली तारीख त्याच्याशी जुळवा.

लग्नानंतर नाव बदललेल्यांनी जास्त जपा. नोंदणी माहेरच्या नावानं आणि पासपोर्ट सासरच्या, हे आपल्याकडं नेहमीचं. पत्र पासपोर्टवरच्या नावानं लिहा आणि नोंदणी कोणत्या नावानं आहे ते एका ओळीत सांगा. शहराच्या नावाचंही तसंच. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या प्रमाणपत्रांवर जुनी नावं आहेत. तिकडं बसलेल्या माणसाला ही दोन वेगळी शहरं वाटतात. पहिल्या उल्लेखात 'पूर्वीचं औरंगाबाद' असं लिहिलं की प्रश्न येत नाही.

एजंटनं लिहून दिलेलं पत्र

एका एजंटनं मला तयार पत्र दिलं होतं. माझ्या बॅचच्या तिघींना त्यानं तेच दिल्याचं नंतर कळलं, फक्त नावं वेगळी. तिघींचे अर्ज एकाच हॉस्पिटलला गेले असते तर काय झालं असतं, तो विचारही करवत नाही. एजंटकडून कागदपत्रांची माहिती घ्या, पण पत्र त्याच्या हाती देऊ नका. तो परदेशी भरती करतो तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी आहे का ते पाहा. ब्रिटनच्या नैतिक भरतीच्या नियमावलीनुसार नोकरी मिळवून देण्यासाठी नर्सकडून फी घेता येत नाही. तेव्हा कुणी लाखाची गोष्ट सुरू केली की तिथंच थांबा.

पाठवण्याआधी पत्र मोठ्यानं वाचा, शक्यतो आयसीयूतल्याच एखाद्या मैत्रिणीला. ती 'हे आपण कुठं करतो गं?' म्हणाली की ती ओळ काढा. मग पीडीएफ करा आणि फाईलला नीट नाव द्या: पासपोर्टवरचं नाव, जागेचं नाव, संदर्भ क्रमांक. 'फायनल न्यू टू' असलं काही नको.

त्या परभणीच्या सिस्टरला मुलाखतीला बोलावलं. पहिलाच प्रश्न होता, मान उचलत नव्हता हे तुम्ही तपासलं कसं? तिनं कॅमेऱ्यासमोर उशी घेतली आणि दाखवलं.